फायदा वाढला, मग आठ लाख गेले कुठे?

महिन्याच्या सात-आठ तारखेला अनेक कारखान्यांत अकाउंट्स विभागाकडून एक मेल येतो. त्याला जोडलेल्या एक्सेल फाइलमध्ये खात्यांची नावं उभी, महिने आडवे आणि रकमा पैशांपर्यंत मांडलेल्या असतात. बजेट किती होतं, प्रत्यक्षात किती झालं आणि फरक किती पडला, हे सगळं त्यात असतं. प्रॉडक्शन मॅनेजर ती फाइल उघडतो, आपल्या विभागाची ओळख पटेल असं काही सापडतं का ते पाहतो आणि दोन मिनिटांत बंद करतो. त्याला आकड्यांची भीती वाटते असं मुळीच नाही. वितळलेल्या लोखंडाचं तापमान, रिजेक्शनची टक्केवारी, शिफ्टचं टनेज हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. पण या कागदावर त्याने काय पाहायचं, हे कागद त्याला सांगत नाही.

असा अहवाल बहुतेक वेळा खतावणीच्या क्रमाने बनतो, कारण बनवणाऱ्याला तो क्रम सोयीचा असतो. वाचणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. माझ्याकडे काय बिघडलं? ते किती रुपयांचं आहे? कशामुळे झालं? पुढच्या महिन्यात पुन्हा होणार का? या प्रश्नांच्या क्रमाने कागद मांडला, तर फायनान्स न शिकलेला माणूसही तो पाच मिनिटांत वाचू शकतो. मात्र त्यासाठी आधी आकड्यांमध्येच एक दुरुस्ती करावी लागते. फॉन्ट आणि रंग नंतर येतात.

ही दुरुस्ती कळण्यासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत शोभेल अशी एक मध्यम आकाराची फाउंड्री डोळ्यांसमोर आणू. उदाहरण कल्पित आहे आणि हिशोब सोपा राहावा म्हणून रकमा गोल केल्या आहेत. जून महिन्याचं बजेट ४०० टन कास्टिंगचं होतं. प्रत्यक्षात ४४० टन माल तयार झाला आणि तेवढाच विकला गेला. बजेटप्रमाणे विक्री ४४० लाख आणि महिन्याचा फायदा ११० लाख व्हायला हवा होता. झाली ४७८ लाखांची विक्री आणि ११९.८ लाखांचा फायदा. म्हणजे बजेटपेक्षा ९.८ लाख जास्त. नेहमीच्या पद्धतीचा अहवाल इथे सगळं आलबेल आहे असंच सांगेल.

त्याच अहवालात विजेच्या ओळीत मात्र लाल आकडा असतो. बजेट ४० लाख, बिल ४५ लाख, म्हणजे ५ लाखांचा जादा खर्च. आढावा बैठकीत त्यावर बोट ठेवलं की प्रॉडक्शन मॅनेजरचं उत्तर ठरलेलं असतं: “अहो साहेब, चाळीस टन माल जास्त काढला, वीज जास्त लागणारच ना!” त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण पाचही लाख त्या चाळीस टनांमुळे गेले का, हे त्यालाही ठाऊक नसतं आणि विचारणाऱ्यालाही. कागदावर त्याचं उत्तर नसल्यामुळे चर्चा तिथेच संपते. महिन्यामागून महिने असं होत राहिलं की लोक अहवाल उघडणंच सोडून देतात.

दुरुस्ती इथे करायची आहे. मूळ बजेटच्या शेजारी आणखी एक रकाना हवा, ज्यात प्रत्यक्ष उत्पादनाला बजेटचेच दर लावून किती खर्च चालला असता ते दिसेल. कॉस्टिंगवाले त्याला फ्लेक्स्ड बजेट म्हणतात. फाउंड्रीतल्या माणसाला ‘टनेजप्रमाणे बजेट’ म्हटलं की लगेच कळतं. विजेच्या बाबतीत ४० लाखांपैकी ६ लाख मागणी आकाराचे धरले होते. माल कितीही काढा, तेवढे भरावेच लागतात. उरलेले ३४ लाख टनामागे १,००० युनिट आणि युनिटला साडेआठ रुपये या हिशोबाने, म्हणजे टनाला ८,५०० रुपये. ४४० टनांना ते ३७.४ लाख होतात. त्यात ६ लाख मिळवले की ४३.४ लाख. बिल ४५ लाखांचं, तेव्हा मॅनेजरने उत्तर द्यावं असा फरक १.६ लाखांचाच आहे. उरलेले ३.४ लाख खरोखरच जास्त माल काढल्याचे होते.

स्थिर आणि उत्पादनाबरोबर बदलणारा खर्च वेगळा करणं हे या कामातलं सगळ्यात किचकट काम आहे, आणि ते अकाउंट्सने खुर्चीत बसून करण्यासारखं नाही. विजेची विभागणी बिलावरच मिळते. पण फेटलिंगचं कंत्राट टनावर आहे की माणसांवर, वाळू आणि रेझिन बॉक्समागे किती लागतं, तिसऱ्या शिफ्टचा भत्ता कधीपासून सुरू होतो, हे शॉप फ्लोअरवर विचारूनच कळतं. हे काम वर्षातून एकदा, बजेट बनवताना नीट केलं की बारा महिने पुरतं. अगदी पैशापैशापर्यंत अचूकता लागत नाही. वीज, कच्चा माल, कंत्राटी मजुरी अशा चार-पाच मोठ्या बाबी टनेजबरोबर हलवल्या आणि बाकीच्या स्थिर धरल्या, तरी चित्र पुष्कळ खरं होतं.

त्या फाउंड्रीचा जून महिना आता असा दिसतो. रकमा लाख रुपयांत आहेत.

| बाब | मूळ बजेट (४०० टन) | टनेजप्रमाणे बजेट (४४० टन) | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|---|
| विक्री | ४४०.० | ४८४.० | ४७८.० | −६.० |
| कच्चा माल | २००.० | २२०.० | २२४.० | −४.० |
| वीज | ४०.० | ४३.४ | ४५.० | −१.६ |
| फेटलिंग कंत्राट | २४.० | २६.४ | २६.२ | +०.२ |
| देखभाल-दुरुस्ती | ६.० | ६.० | २.५ | +३.५ |
| पगार व इतर स्थिर खर्च | ६०.० | ६०.० | ६०.५ | −०.५ |
| फायदा | ११०.० | १२८.२ | ११९.८ | −८.४ |

४४० टन माल विकल्यावर बजेटच्याच दरांनी १२८.२ लाख मिळायला हवे होते. मिळाले ११९.८. जो महिना ९.८ लाखांनी चांगला वाटत होता, त्यात ८.४ लाख निसटलेले आहेत. विक्रीची ओळ पाहा. मूळ बजेटशी तुलना केली तर ती ३८ लाखांनी वर दिसते, पण टनेजचा हिशोब धरल्यावर ६ लाखांनी खाली येते. माल जास्त गेला, पण टनामागे दर कमी मिळाला. बहुधा कमी भावाच्या कास्टिंगचा वाटा वाढला असावा. याचं उत्तर मार्केटिंगने द्यायचं आहे, आणि साधा अहवाल पाहून हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नसता.

या तक्त्यात एक गोष्ट मुद्दाम केली आहे. अधिक म्हणजे फायद्याला चांगलं आणि उणे म्हणजे वाईट, हा नियम प्रत्येक ओळीला सारखा आहे. बऱ्याच अहवालांत सगळीकडे सरसकट ‘प्रत्यक्ष वजा बजेट’ केलेलं असतं. मग विक्रीत अधिक चांगलं ठरतं आणि खर्चात अधिक वाईट. वाचणाऱ्याला दर ओळीला थांबून विचार करावा लागतो. त्यात काही ठिकाणी उणे आकडे कंसात असतात. अकाउंटंटला कंस सवयीचा असतो, पण मेंटेनन्सच्या इंजिनिअरला तो आकडा निव्वळ माहितीसाठी दिलाय असं वाटू शकतं. एक्सेलमध्ये यावर साधा उपाय आहे. A रकान्यात प्रत्येक ओळीचा प्रकार लिहायचा, B मध्ये बाबीचं नाव, C मध्ये मूळ बजेट, D मध्ये टनेजप्रमाणे बजेट, E मध्ये प्रत्यक्ष, आणि F मध्ये हे सूत्र:

```
=IF($A5="उत्पन्न",E5-D5,D5-E5)
```

F रकान्याला `+0.0;-0.0;0.0` हा नंबर फॉरमॅट दिला की चिन्ह नेहमी डोळ्यांसमोर राहतं. शेवटच्या फायद्याच्या ओळीचा प्रकारही ‘उत्पन्न’च लिहायचा, म्हणजे तिचा फरक वरच्या सगळ्या फरकांच्या बेरजेशी जुळतो. तो जुळत नसेल तर कुठल्या तरी ओळीचा प्रकार चुकला आहे.

रकमा लाखांत दाखवताना एक अडचण येते. एक्सेलचा नंबर फॉरमॅट आकडा हजारांनी किंवा दहा लाखांनी लहान करून दाखवू शकतो, पण लाखांनी नाही. त्यामुळे छपाईच्या शीटवर मूळ रकमेला एक लाखाने भागावंच लागतं. हा भागाकार मूळ डेटाच्या शीटवर करू नये, आणि बेरीज पूर्णांकित आकड्यांची न घेता मूळ रकमांची घ्यावी. मग एखाद्या वेळी शेवटच्या आकड्यात ०.१ चा फरक दिसेल. तक्त्याखाली तशी एक ओळ लिहिली की काम भागतं. ‘४४,९८,१००’ पेक्षा ‘४५.०’ वाचायला सोपं असतं आणि निर्णय दोन्हींवरून सारखाच होतो.

आता कुठल्या ओळीकडे लक्ष वेधायचं? दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल ती ओळ रंगवायची, असा नियम अनेक ठिकाणी असतो. इथे तो सपशेल फसतो. कच्च्या मालाचा ४ लाखांचा फरक दोन टक्क्यांच्याही आत आहे, म्हणून तो सुटतो. उलट स्टेशनरीवर ८ हजारांऐवजी ११ हजार खर्च झाले, तर ती ओळ लाल होऊन बैठकीची पाच मिनिटं खाते. म्हणून रक्कम आणि टक्केवारी दोन्हींचा नियम लागतो. या फाउंड्रीसाठी तो असा ठेवता येईल: फरक दीड लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर टक्केवारी काही असो, ओळ उठून दिसली पाहिजे. त्याहून लहान असेल तर दहा टक्के आणि किमान २५ हजार, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये ते एका ओळीत बसतं:

```
=OR(ABS(F5)>=1.5,AND(ABS(F5)>=0.25,ABS(F5)>=0.1*D5))
```

यात मुद्दाम भागाकार टाळला आहे. बजेटमध्ये नसलेला खर्च आला की D रकान्यात शून्य असतं आणि शून्याने भागल्यावर एक्सेल चूक दाखवतं. नेमकी जी ओळ सगळ्यात आधी दिसायला हवी, तिथेच मग गोंधळ होतो. रंगाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात, आणि शॉप फ्लोअरवरचा प्रिंटर बहुधा काळा-पांढराच असतो. चिन्ह, ठळक अक्षर आणि फिकट पार्श्वभूमी एवढ्यावर काम भागवावं.

हा नियम लावला की विक्री, कच्चा माल, वीज आणि देखभाल या चार ओळी उठून दिसतात. त्यातली देखभालीची ओळ चांगली दिसते, ३.५ लाखांची बचत. अहवाल वाचणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत अशाच ओळीत होते. जूनमध्ये क्रेनची मोठी दुरुस्ती झाली होती. काम पूर्ण झालं, पण कंत्राटदाराचं ३.२ लाखांचं बिल महिनाअखेरीपर्यंत आलं नाही, म्हणून टॅलीत काहीच चढलं नाही. जुलैमध्ये ते बिल चढेल, आणि तेव्हा देखभालीची ओळ विनाकारण लाल होईल. दोन्ही महिन्यांचे आकडे खोटे, आणि मेंटेनन्सचा माणूस दोन्ही वेळा गप्प.

ही चूक ओळखता येते. एरवी स्थिर असणारा खर्च अचानक निम्म्यावर आला तर आनंद मानण्याआधी त्या महिन्याच्या पर्चेस ऑर्डर आणि माल-पावत्यांची यादी काढायची. काम झालंय किंवा माल आलाय, पण बिल चढलेलं नाही, अशा नोंदींची बेरीज करून तेवढ्या रकमेची प्रोव्हिजन महिनाअखेरीलाच करायची. वीजबिल वेळेत आलं नसेल, तर मीटरचं रीडिंग आणि मागच्या महिन्याचा दर यांवरून रक्कम धरायची. चार-पाच टक्के इकडेतिकडे झालं तरी शून्य धरण्यापेक्षा ते बरं. जूनमध्ये क्रेनची प्रोव्हिजन घातली, की देखभालीची बचत अवघी ०.३ लाखांवर येते आणि महिन्याचा खरा फटका ८.४ नव्हे, तर ११.६ लाखांचा ठरतो.

आकडे खरे झाले की शेऱ्याचा रकाना येतो, आणि अहवालाचा जीव इथेच असतो. ‘वीजखर्च बजेटपेक्षा जास्त झाल्यामुळे फरक’ अशा शेऱ्यांनी अनेक अहवाल भरलेले असतात. शेजारच्या आकड्याने जे सांगितलं, तेच शब्दांत पुन्हा. शेरा लिहिण्याआधी अकाउंट्सच्या माणसाने फ्लोअरवर फोन करायला हवा. या महिन्यात तो केला असता तर कळलं असतं, की मोल्डिंग लाइन वारंवार थांबत होती, मिळून ६२ तास. साचे तयार नसले की इंडक्शन भट्टीतला वितळलेला धातू ओतता येत नाही, आणि तो थंड होऊ नये म्हणून भट्टीला वीज देत राहावी लागते. या भट्ट्यांना धातू नुसता धरून ठेवायला तासाला प्रत्येकी सुमारे १५० युनिट लागतात. दोन भट्ट्या, ६२ तास, म्हणजे १८,६०० युनिट. साडेआठ रुपयांनी १.५८ लाख. विजेच्या ओळीतला जवळजवळ सगळा फरक इथे सापडला.

मग शेरा असा लिहिता येतो: ‘मोल्डिंग लाइन ६२ तास बंद, भट्ट्या धरून ठेवल्याने १८,६०० युनिट जादा, १.५८ लाख. हायड्रॉलिक पंप जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बदलणार, जबाबदारी मेंटेनन्स. जुलैत निम्मा फरक पुन्हा येईल.’ कारण, रक्कम, कोण काय करणार आणि पुढे काय होईल, एवढं त्यात आलं. कच्च्या मालाच्या ओळीलाही हीच शिस्त लागते. तिथले ४ लाख आधी दोन भागांत तोडायचे: भंगार आणि पिग आयर्न महाग मिळाल्यामुळे किती, आणि रिजेक्शन वाढून माल जास्त वितळवावा लागल्यामुळे किती. पहिल्या भागाचं उत्तर पर्चेस देईल, दुसऱ्याचं प्रॉडक्शन. हे न तोडता ओळ बैठकीत आली तर दोन्ही विभाग एकमेकांकडे बघत बसतात.

पानावर हे सगळं कुठे बसवायचं? एकाच ए-फोर पानावर, आडवं. सर्वांत वर तीन वाक्यं, जी घाईत असलेला माणूस तेवढीच वाचेल: ‘४४० टनांना १२८.२ लाख अपेक्षित होते, ११९.८ मिळाले, क्रेनचं न आलेलं बिल धरता तूट ११.६ लाख. मोठी कारणं तीन: विक्रीदर ६, कच्चा माल ४, वीज १.६. विजेचं कारण सापडलं आहे, विक्रीदराचं मार्केटिंगकडून येणं बाकी.’ त्याखाली तक्ता, मोठ्या फरकाच्या ओळी आधी. चाळीस खात्यांची यादी दुसऱ्या पानावर, ज्याला हवी तो पाहील. एखादा आलेख द्यायचाच असेल तर जर्मनीचे रोल्फ हिचर्ट यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या आयबीसीएस या मांडणीच्या संकेतांतली एक सवय उचलण्यासारखी आहे: प्रत्यक्ष आकडा भरीव गडद पट्टीने आणि बजेट नुसत्या रेघेच्या पोकळ पट्टीने दाखवायचं, दर महिन्याला तसंच. दोन-तीन महिन्यांत वाचणाऱ्याला खुणांची सूची बघावी लागत नाही.

महिन्याच्या फरकाशेजारी एप्रिलपासूनचा फरक देणारा एक अरुंद रकाना हवा. विजेच्या ओळीत तिथे −१.७ दिसलं, तर दुखणं जूनचंच आहे हे कळतं. −५ दिसलं असतं तर तीच तक्रार तीन महिने चालू आहे आणि पंप बदलून भागणार नाही, असा अर्थ झाला असता. पण हा रकाना तेव्हाच खरं बोलतो, जेव्हा वर्षाचं बजेट महिन्यांत समजून वाटलेलं असतं. विम्याचा हप्ता वर्षातून एकदा येतो, बोनस दिवाळीला. त्यांना सरळ बाराने भागलं तर आठ-दहा महिने खोटी बचत आणि मग एकदम खड्डा. केंद्र सरकारच्या मासिक हिशोबातही ही अडचण असते. लेखा महानियंत्रक दर महिन्याला आतापर्यंतचा प्रत्यक्ष आकडा वार्षिक अर्थसंकल्पी अंदाजाच्या किती टक्के झाला ते प्रसिद्ध करतात, आणि शेजारीच मागच्या वर्षी याच काळात तो किती टक्के होता तेही देतात. तीन महिन्यांत २५ टक्के व्हायलाच हवेत अशी समजूत त्या दुसऱ्या आकड्यामुळे दूर होते. छोट्या कारखान्याकडे बजेटचं मासिक वाटप नसेल, तर मागच्या वर्षीचा हा रकाना पहिल्या वर्षी काम चालवून नेतो.

अशा अहवालालाही मर्यादा आहे. बजेट फेब्रुवारीत ज्या भंगाराच्या भावावर बांधलं, तो भाव जुलैत कायमचाच बदलला असेल, तर कच्च्या मालाची ओळ दर महिन्याला लाल होईल आणि ती वाचून कुणाच्याच हाती काही लागणार नाही. अशा वेळी मूळ बजेट खोडून नवं लिहिण्याचा मोह होतो. तसं केलं की वर्षाअखेरी तुलनेला काही उरत नाही. मूळ बजेट तसंच ठेवून सप्टेंबरनंतर शेवटी ‘मार्चअखेर अंदाज’ असा एक रकाना वाढवावा. त्यातला आकडा अकाउंट्सने नव्हे, ज्याची ती ओळ आहे त्या मॅनेजरने भरून द्यायचा.